मधमाशीचा नाच आणि माणसाची भाषा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राणीही एकमेकांशी बोलतातच की. मग भाषा फक्त माणसाचीच, असं का म्हणायचं?

एकमेकांना काही कळवणं आणि भाषा असणं यांत फरक करायचा की नाही, यावर सगळं अवलंबून आहे. कळवतात सगळेच. मांजर पाठ फुगवून कळवतं, बेडूक डरावून कळवतो. चार्ल्स हॉकेट या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली माणसाच्या भाषेची तेरा वैशिष्ट्यं मांडली आणि कुठल्या प्राण्याकडे त्यांतली कोणती आहेत, हे तक्त्यात भरून दाखवलं. तेव्हापासून हा विषय शिकवणारे सगळे तोच तक्ता फळ्यावर काढतात. मीही काढतो.

त्या तक्त्यात एक खोट आहे. बरोबरची खूण किंवा फुली, एवढंच त्यात मावतं. ‘आहे’ म्हणजे किती आहे, कशाबद्दल आहे, हे त्यात दिसत नाही. म्हणून इथे तेरापैकी दोनच वैशिष्ट्यं घेतली आहेत: समोर नसलेल्या गोष्टीबद्दल सांगता येणं, म्हणजे डिस्प्लेसमेंट, आणि न संपणारा शब्दसाठा. तिसरं आहे रिकर्शन, म्हणजे वाक्याच्या पोटात वाक्य घालता येणं. ते हॉकेटच्या यादीत नव्हतं, पण पुढे त्याच्यावरूनच सगळ्यात मोठे वाद झाले. या तिन्हींची परीक्षा मुख्यतः एकाच प्राण्यावर घेऊ.

तो प्राणी मधमाशीच का? माकडं आपल्याला जास्त जवळची नाहीत का?

जवळची आहेत, पण डिस्प्लेसमेंटच्या बाबतीत ती माशीच्या पासंगालाही पुरत नाहीत. दीड किलोमीटरवर असलेल्या, या क्षणी दिसत नसलेल्या, वासही येत नसलेल्या शेताचा पत्ता एक माशी दुसरीला अंधाऱ्या पेटीत देते. चिंपांझीच्या रानातल्या हाकांमध्ये याच्या तोडीचं काही आजवर सापडलेलं नाही.

नाचात नेमकं काय असतं?

मेलिफेरा जातीची पेटी घेऊ. आपल्याकडचे मधपाळ तिला इटालियन माशी म्हणतात. तुरीच्या शेतावरून मकरंद आणि पराग घेऊन आलेली कामकरी माशी पेटीच्या दारातून आत शिरते आणि उभ्या फ्रेमवर गर्दीतच नाचायला लागते. ती एका सरळ रेषेत पोट डावी-उजवीकडे जोरात हलवत चालते. हलवणं इतकं जलद असतं की डोळ्यांना पोट धूसर दिसतं, आणि सोबत पंखांची घरघर चालू असते. रेषा संपली की ती उजवीकडून वळसा घेऊन मूळ जागी येते, पुन्हा तीच रेषा चालते, मग डावीकडून वळसा. एकूण आकृती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी होते. चार-सहा माश्या तिच्या अंगाला मिशा लावून मागे-मागे फिरतात. त्यांना ती दिसत नसते, आत अंधार असतो. त्या नाच चाचपून वाचतात.

सगळा मजकूर त्या सरळ रेषेत असतो. रेषेची दिशा म्हणजे शेताची दिशा. पण आत सूर्य नाही, म्हणून माशीने तोड काढली आहे: उभ्या पोळ्यावर ‘वर’ म्हणजे सूर्याच्या दिशेने. रेषा सरळ वर गेली तर सूर्याकडे तोंड करून उडा. सरळ खाली आली तर सूर्याला पाठ करून उडा. वरपासून उजवीकडे जितकी कललेली, तितकंच सूर्याच्या उजवीकडे. अंतर किती, हे रेषा चालायला लागलेल्या वेळावरून कळतं. मेलिफेरासाठी ढोबळ मानाने एक सेकंदाला एक किलोमीटर धरतात. माल चांगला असेल तर ती जास्त फेऱ्या मारते. बेताचा असेल तर लवकर थांबते किंवा नाचतच नाही.

ऑस्ट्रियाचे कार्ल फॉन फ्रिश यांनी ही लिपी उलगडली. त्यासाठी त्यांना १९७३ साली कोनराड लॉरेन्झ आणि निको टिनबर्गन यांच्यासोबत नोबेल मिळालं.

एखादा नाच वाचून दाखवाल का?

नोव्हेंबरचा मध्य, पुणे परिसर, सकाळचे साडेनऊ. त्या वेळी सूर्य आग्नेयेकडे असतो. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलं तर सुमारे १३० अंशांवर. पेटीला एका बाजूने काच लावलेली आहे, आणि तिच्यातून दिसतंय की एका माशीची रेषा सरळ वरच्या दिशेपेक्षा ५० अंश डावीकडे कललेली आहे. १३० मधून ५० वजा केले की ८० उरतात. म्हणजे जवळजवळ पूर्व, किंचित उत्तरेकडे झुकलेली. रेषा चालायला दीड सेकंद लागतोय. तेव्हा शेत पूर्वेला, सुमारे दीड किलोमीटरवर.

एका रेषेवरून निष्कर्ष काढला तर मात्र फसाल. प्रत्येक फेरीत कोन थोडा इकडे-तिकडे पडतो, म्हणून निदान आठ-दहा फेऱ्यांची सरासरी घ्यावी लागते. मागे फिरणाऱ्या माश्याही एकाच फेरीवर उडून जात नाहीत, अनेक फेऱ्या वाचतात.

आता तासभर थांबा. साडेदहाला सूर्य सरकून सुमारे १४३ अंशांवर गेलेला असतो. शेत जागच्या जागीच आहे. त्याच शेताहून आलेली माशी आता वरपासून ५० नव्हे, ६३ अंश डावीकडे नाचते. पत्ता तोच, पण सूर्यावरून सांगायचा म्हणून आकडा बदलला. काही माश्या बाहेर न जाता बराच वेळ आतच नाचत राहतात, आणि बाहेरचा सूर्य दिसत नसतानाही त्यांचा कोन हळूहळू सरकत जातो. सूर्य एव्हाना कुठे असेल याचं घड्याळ त्यांच्या अंगात आहे.

भर दुपारी सूर्य डोक्यावर आला की काय होतं?

मोठी पंचाईत होते. सूर्य अगदी माथ्यावर असेल तर ‘सूर्याच्या डावीकडे’ याला अर्थ राहत नाही. युरोपात सूर्य कधीच माथ्यावर येत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न पडला नव्हता. फॉन फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर श्रीलंकेत गेले तेव्हा तो समोर आला: सूर्य माथ्याच्या अगदी जवळ असतानाच्या थोड्या वेळात माश्यांचे नाच गोंधळतात. महाराष्ट्रातही ती वेळ वर्षातून दोनदा येते. मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला जो शून्य सावलीचा दिवस असतो, तोच हा. जुलैतला ढगांत जातो, ते सोडा.

माश्या नाच वाचून जातात की नुसत्या फुलाच्या वासामागे जातात?

हा वाद खरोखर झाला आणि बराच तापला. एड्रियन वेनर यांचं म्हणणं होतं की नाच असेल, पण माश्या शोधतात वासावरूनच. वास महत्त्वाचा आहेच. नाचणारीच्या अंगाला फुलाचा वास असतो आणि ती मकरंदाचा थेंबही चाखायला देते. प्रश्न एवढाच होता की नाचातल्या पत्त्याचा उपयोग होतो की नाही.

जेम्स गूल्ड यांनी १९७५च्या सुमाराला सुंदर युक्ती केली. माशीच्या डोक्यावर मोठ्या डोळ्यांखेरीज तीन छोटे साधे डोळे असतात. ते रंगाने झाकले की तिला मंद प्रकाश नीट जाणवत नाही. पेटीत दिवा लावला तर साध्या माश्या त्यालाच सूर्य समजतात आणि नाच त्या हिशोबाने वाचतात. नाचणारीचे डोळे मात्र झाकलेले, त्यामुळे तिच्या लेखी दिवा नाही. ती नेहमीसारखी ‘वर म्हणजे सूर्य’ धरून नाचली. सांगणारीचा हिशोब एक, ऐकणारीचा दुसरा. दिवा सरकवला की ऐकणाऱ्या माश्या वेगळ्याच ठिकाणी पोचल्या, आणि तेही गूल्ड यांनी आधी काढून ठेवलेल्या ठिकाणीच. जिथे खाणं खरंच होतं तिथे त्या गेल्या नाहीत. नुसत्या वासावर हे घडणं शक्य नाही.

मग २००५ साली माश्यांच्या पाठीवर इवलासा रडार-परावर्तक चिकटवून त्यांचा माग काढला गेला. नाच वाचून निघालेल्या काही माश्यांना पेटीच्या दारातच पकडून दुसरीकडे नेऊन सोडलं. त्या तिथूनही नाचात सांगितलेल्याच दिशेने, सांगितलेल्याच अंतराच्या आसपास उडाल्या, आणि अर्थातच चुकीच्या जागी पोचल्या. पत्ता डोक्यात घेऊन निघालेला माणूस चुकीच्या स्टेशनवर उतरून ‘डावीकडे तिसरी गल्ली’ शोधतो, तसं.

माशीला अंतर कळतं कसं?

जमीन डोळ्यांखालून किती सरकली, यावरून. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ मंद्यम श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माश्यांना काही मीटर लांबीच्या अरुंद बोगद्यातून खाण्यापर्यंत नेलं. बोगद्याच्या भिंती नक्षीदार होत्या आणि अगदी जवळ होत्या, त्यामुळे नजरेसमोरून खूप काही सरसर सरकलं. परत येऊन माशीने नाच केला तो जवळजवळ दोनशे मीटरचा. ती खोटं बोलत नव्हती, तिचा मीटर फसला होता. म्हणजे नाचातलं ‘अंतर’ हे खरं तर डोळ्यांना जाणवलेल्या प्रवासाचं माप आहे.

आपल्याकडच्या माश्याही असंच नाचतात का?

नाचतात, पण प्रत्येकीची ढब वेगळी. सातेरी झाडाच्या ढोलीत किंवा पेटीत, अंधारात राहते. तिचा नाच मेलिफेरासारखा. आग्या मोहोळ उघड्यावर लटकतं, तिथे उभ्या पोळ्यावर, पण उजेडात नाच चालतो. आग्या माश्या चांदण्या रात्रीही चारा आणायला जातात. फुलोरी माशीचं पोळं छोटं असतं आणि फांदीभोवती वरून सपाट असतं. ती त्या सपाटीवर नाचते आणि रेषा थेट शेताच्या दिशेनेच काढते. ‘वर म्हणजे सूर्य’ हे भाषांतर तिला करावंच लागत नाही.

या तिन्ही जातींची दक्षिण भारतात तुलना झाली, तेव्हा दिसलं की तेवढ्याच अंतरासाठी सातेरी सगळ्यात लांब रेषा चालते, फुलोरी मधली आणि आग्या सगळ्यात छोटी. कारणही तिथेच आहे. सातेरी जवळपासच फिरते, आग्या लांबवर जाते. लांबच्या प्रवासाला मोठी मापं लावली तर नाच संपता संपणार नाही. नकाशाचं प्रमाण बदलावं तसं हे आहे. अभ्यासक याला नाचाच्या ‘बोली’ म्हणतात. शब्द गोड आहे, पण वऱ्हाडी आणि मालवणीत जो फरक असतो तो इथे नाही, हे लक्षात असू द्या.

म्हणजे डिस्प्लेसमेंट माशीकडे आहे. मग माणसाचं वेगळेपण संपलं?

खूण बरोबरची करायला हरकत नाही. पण खुणेच्या आत डोकावू. माशी समोर नसलेल्या कशाबद्दल सांगते? ती स्वतः आत्ताच जाऊन आलेल्या आणि उपयोगी पडणाऱ्या जागेबद्दल: मकरंद, पराग, पाणी, डिंक, किंवा वसाहत फुटून बाहेर पडली असेल तेव्हा नव्या घराची जागा. ‘काल तिथे तूर होती, आता कापली’ हे तिला सांगता येत नाही. ‘तिकडे जाऊ नका’ हे नाचातून सांगता येत नाही. ‘पाऊस पडला तर’ हे तर नाहीच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती ऐकीव बातमी पुढे नाचत नाही. नाच वाचलेली माशी आधी स्वतः जाऊन येते, मगच नाचते. नवं घर शोधताना तर हे फार उघड दिसतं. शोधकी माशी दुसरीचा नाच पाहून त्या ढोलीत जाते, आत फिरून पाहते आणि पटलं तरच येऊन तिचा प्रचार करते. चांगली पद्धत आहे. आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लागू करावी अशी. पण याचा अर्थ असा की माशीचं बोलणं तिच्या स्वतःच्या अनुभवाला बांधलेलं आहे.

आता आपली भोपळ्यातली म्हातारी आठवा. वाघ समोर उभा आहे आणि ती त्याला सांगते की आधी लेकीकडे जाते, खाऊन-पिऊन लठ्ठ होते, मग मला खा. अजून न घडलेली गोष्ट, तिला अट जोडलेली, आणि मनात वेगळाच बेत. चार वर्षांच्या मुलाला हे एका दमात कळतं. दोन्हीकडे डिस्प्लेसमेंटच्या रकान्यात बरोबरची खूण आहे आणि दोन्ही गोष्टी एक नाहीत.

माकडांमध्ये असं काहीच नाही?

अगदी काहीच नाही असं नाही. सुमात्राच्या जंगलात संशोधक वाघाच्या पट्ट्यांचं कापड पांघरून रांगत ओरांगउटान माद्यांच्या झाडाखालून गेले. पिल्लू असलेल्या माद्या लगेच ओरडल्या नाहीत. ‘वाघ’ नजरेआड झाल्यावर काही मिनिटांनी त्यांनी इशाऱ्याची हाक दिली. २०१८ साली हे प्रसिद्ध झालं. धोका समोर नसताना त्याच्याबद्दल हाक, म्हणून याला डिस्प्लेसमेंटची सुरुवात म्हणतात. मला हे थोडं ओढूनताणून वाटतं. दबा धरून बसलेल्या आईने धोका टळल्यावर सोडलेला श्वासही असाच उशिरा येतो. पण प्रयोग देखणा आहे.

नाचात माशीला नवा शब्द घालता येतो का?

या प्रश्नाचं उत्तर फॉन फ्रिश यांच्या एका प्रयोगात आहे, आणि तो माझा सगळ्यात आवडता प्रयोग आहे. त्यांनी पेटी एका रेडिओ मनोऱ्याच्या पायथ्याशी ठेवली आणि साखरपाणी थेट वर, मनोऱ्यावर. काही माश्यांना वर नेऊन ते दाखवलं. त्या खाली आल्या आणि मन लावून नाचल्या. ऐकणाऱ्या माश्या बाहेर पडल्या आणि आजूबाजूच्या गवतात, चारी दिशांना शोधत राहिल्या. वर कोणीच गेली नाही.

माशीच्या नाचात ‘उंच’ याला शब्द नाही. फुलं ढगात येत नाहीत, त्यामुळे कधी गरजच पडली नाही. पण गरज पडल्यावरही तो तयार झाला नाही. नाचणाऱ्या माश्यांना वर जायचा रस्ता पक्का माहीत होता. कळत होतं, सांगता येत नव्हतं.

तसं पाहिलं तर माशीला सांगता येणाऱ्या गोष्टी अगणित आहेत. ४१ अंशही सांगता येतात, ४२ही. घड्याळाच्या काट्यालाही अगणित जागा असतात, पण त्याला वेळेशिवाय दुसरं काही सांगता येत नाही. नाच म्हणजे दोन काट्यांचा मीटर आहे: एक दिशेचा, एक अंतराचा. तिसरा काटा लावायची सोय नाही.

आपण काय करतो? पन्नास-साठ ध्वनी, एकेकाला अर्थ नाही. क, म, ल यांना सुटा अर्थ नाही, पण कमल, कलम, मलक असे जुळवत गेलं की काही शब्द होतात आणि काही होत नाहीत. न झालेले उद्यासाठी शिल्लक राहतात. ‘मलक’ला आज अर्थ नाही, पण उद्या कुणी एखाद्या यंत्राला ते नाव दिलं तर आठवड्यात रुळेल. ‘महापौर’ हा शब्द सावरकरांनी घडवला, आज तो कुणाला घडवलेला वाटतही नाही. आणि घडवायचा नसेल तर उचलायचा: टेबल, पेन, मोबाइल. उचललेल्याला प्रत्ययही आपलेच लागतात, ‘मोबाइलवरच्या’.

ताडोब्यातले गाइड चितळाच्या ‘कॉल’वरून वाघ सांगतात. तो शब्दच नाही का?

गाडी थांबवून सगळे गप्प बसतात, लांबून वानराची खर्‌खर्‌ ऐकू येते आणि गाइड म्हणतो, ‘कॉलिंग चालू आहे.’ त्या क्षणी तो शब्दासारखाच वाटतो, हे खरं.

यावरचं गाजलेलं काम केनियाच्या अंबोसेलीत व्हर्व्हेट माकडांवर झालं. रॉबर्ट सेफार्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर यांनी १९८० साली ते प्रसिद्ध केलं. या माकडांच्या बिबट्या, गरुड आणि साप यांसाठी तीन वेगळ्या हाका आहेत. संशोधकांनी झुडपात स्पीकर लपवून रेकॉर्ड केलेल्या हाका वाजवल्या. समोर ना बिबट्या होता ना गरुड. तरी बिबट्याच्या हाकेला माकडं झाडावर चढली, गरुडाच्या हाकेला वर बघून झुडपात शिरली, सापाच्या हाकेला मागच्या पायांवर उभी राहून गवतात बघू लागली. पिल्लं चुकतातही: निरुपद्रवी पक्ष्याला, कधी तर गळणाऱ्या पानालाही गरुडाची हाक देतात. मोठी होतात तशी ती सुधारतात.

पण गाडीत बसून एक परीक्षा घेता येईल. आपण ‘वाघ’ या शब्दाने किती कामं करतो ते मोजा. वाघ आला. वाघ नाही. वाघ होता का? वाघासारखा माणूस. आमच्या आळीत आता वाघ उरले नाहीत. माकडाच्या हाकेने यातलं पहिलं एकच काम होतं.

आणि रिकर्शन म्हणजे नक्की काय?

‘शेजारच्या काकूंच्या भावाच्या मुलाच्या मित्राची सायकल.’ एका नात्याच्या पोटात दुसरं, त्याच्या पोटात तिसरं. कुठे थांबायचं, हे व्याकरण सांगत नाही. ऐकणाऱ्याचा कंटाळा सांगतो. वाक्यांचंही तेच: ‘सुमन बाजारात दिसल्याचं रमाने सांगितल्याचं मी ऐकलं.’ ऐकायला बरं वाटतं ना? आता तेच असं लावा: ‘मी रमा सुमन आली असं म्हणाली असं ऐकलं.’ व्याकरण मोडलं नाही, पण डोकं गरगरलं. इथे ‘मी’ची जोडी शेवटच्या ‘ऐकलं’शी आहे, ‘रमा’ची मधल्या ‘म्हणाली’शी, ‘सुमन’ची सगळ्यात आतल्या ‘आली’शी. डब्यात डबा. ही घडी आपल्यालाही तीन-चार थरांनंतर झेपत नाही.

माशीच्या नाचात नाच नसतो. ‘ती म्हणाली की शेत पूर्वेला आहे’ असा नाच नाही, आणि ऐकीव बातमी ती नाचतच नाही म्हटल्यावर त्याला जागाही नाही.

पण साळुंकीच्या जातीच्या पक्ष्यांना रिकर्शन कळतं असं वाचलं होतं.

ती युरोपीय स्टार्लिंग, आपल्या साळुंकीच्या कुळातली. २००२ साली मार्क हाउझर, नोम चॉम्स्की आणि टेकमसे फिच यांनी लिहिलं की भाषेचा खास मानवी गाभा कदाचित रिकर्शन एवढाच असावा. मग सगळे प्राण्यांमध्ये तेच शोधायला लागले. टिमथी जेंटनर यांनी २००६ साली स्टार्लिंगना त्यांच्याच गाण्यातले दोन प्रकारचे तुकडे ऐकवले, खुळखुळ्यासारखे आणि गुंजनासारखे. दोन खुळखुळे मग दोन गुंजनं, ही मांडणी त्यांना एकाआड एक असलेल्या मांडणीपासून वेगळी ओळखायची होती. अकरापैकी नऊ पक्षी शिकले, पण हजारो फेऱ्यांच्या सरावानंतर.

बातम्या झाल्या, आणि आक्षेपही लगेच आला. ‘दोन हे, मग दोन ते’ ओळखायला नुसतं मोजता आलं तरी पुरतं. वरच्या वाक्यात ‘मी’ची जोडी शेवटच्याच क्रियापदाशी लागते, तशी कोणता खुळखुळा कोणत्या गुंजनाचा जोडीदार, हे पक्ष्यांना लावायचंच नव्हतं. म्हणजे डबे मोजले, एकात एक बसवले नाहीत. २०२२ साली ट्युबिंगनमध्ये कावळ्यांना कंसांसारख्या खुणांच्या जोड्या एकात एक लावायला शिकवलं आणि ते जमवू लागले. हा निकाल जास्त वजनदार आहे. पण कावळे ते चोचीने पडद्यावर करतात. कावकावीत ते कुठे दिसत नाही. जमणं आणि बोलण्यात वापरणं यांत अंतर आहे.

नाच जन्मजात असतो ना? भाषा तर शिकावी लागते.

पाठ्यपुस्तकं असंच म्हणत होती. २०२३ साली चीनमधल्या प्रयोगात अशा वसाहती तयार केल्या की त्यांत सगळ्या माश्या कोवळ्या, नाच पाहिलेली एकही जाणती माशी नाही. त्या वयात आल्यावर नाचल्याच, पण कोन आणि अंतर दोन्हींत गडबडल्या. सरावाने कोन सुधारला, अंतर मात्र मरेपर्यंत चुकीचंच राहिलं. म्हणजे साचा जन्मजात, पण नीट बसवायला थोरल्यांचा नाच लहानपणी वाचावा लागतो. ‘जन्मजात विरुद्ध शिकलेलं’ हा रकाना मी फळ्यावरून आता पुसला आहे.

प्राणी खोटं बोलतात का?

काही बोलतात. आफ्रिकेतला कोतवाल पक्षी मुंगसाच्या कुळातल्या मीरकॅटना धोक्याची खोटी हाक देतो. ती पळाली की त्यांचा किडा उचलतो. तीच थाप लागू पडेनाशी झाली की दुसऱ्या प्राण्याच्या हाकेची नक्कल करतो. माशी मात्र मुद्दाम खोटं नाचताना आढळलेली नाही. एकाच राणीच्या लेकी एकमेकींना फसवून काय मिळवणार?

आमचा कुत्रा सगळं समजतो. आणि तो निम नावाचा चिंपांझी?

कुत्र्यांची समज कमी लेखू नका. चेसर नावाच्या कुत्रीला १०२२ खेळण्यांची नावं येत होती. पण ती आणायची, नावं जोडून स्वतः काही म्हणायची नाही. निमला हातांच्या खुणा शिकवल्या. त्याचं सगळ्यात लांब ‘वाक्य’ सोळा खुणांचं होतं, आणि त्यात संत्रं, मला, दे, खाऊ यांचंच आलटून-पालटून दळण होतं. लांबी वाढली, मजकूर वाढला नाही. हर्बर्ट टेरेस यांनी हे १९७९ साली स्वतःच्याच प्रयोगाबद्दल कबूल केलं, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

दोन हाका जोडून तिसरा अर्थ, हे तरी कुणाला जमतं का?

जमतं, आणि गेल्या दहा वर्षांतलं चांगलं काम इथेच आहे. जपानमधला एक टिट पक्षी ‘आजूबाजूला बघा’ आणि ‘इकडे या’ अशा दोन हाका ठरावीक क्रमाने जोडतो. ऐकणारे दोन्ही करतात. क्रम उलटा करून ऐकवला तर फारसे प्रतिसाद देत नाहीत. चिंपांझीच्या अगदी जवळच्या भाऊबंदांत, म्हणजे बोनोबोंमध्येही हाकांच्या जोड्यांचा अर्थ सुट्या हाकांच्या नुसत्या बेरजेपेक्षा वेगळा होतो, असं २०२५ साली दाखवलं गेलं. दोनची जोडी झाली. तिच्यात तिसरी घालून चौथीशी जोडणं अजून दिसलेलं नाही.

मला स्वतःला नाच बघायचा असेल तर?

मधपाळाकडे काचेच्या बाजूची एका फ्रेमची पेटी असेल तर उत्तम. लाल प्रकाशात बघा. माशीला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे ती अंधारात असल्यासारखीच नाचते. साधा उजेड आत गेला तर ती त्यालाच सूर्य धरते आणि तुमचा सगळा हिशोब बिघडतो. फोनवर चित्रण करा, काचेवर दोरा आणि वजन लटकवून उभी रेषा मिळवा आणि घरी हळू गतीने बघत कोन मोजा. चित्रणाची वेळ लिहून ठेवा, नाहीतर सूर्य कुठे होता ते कळणार नाही. मी पहिल्या दिवशी नेमकी तीच विसरलो होतो, आणि तेवीस नाचांचे कोन वहीत अजून तसेच पडून आहेत.